आठ रुपयांची मेथी

मी सातपूरला कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजी विकते. बावीस वर्षं झाली. दहावी पास आहे, तेव्हा लिहिता येतं, आणि आता दुपारी गिऱ्हाईकही फारसं नसतं. म्हणून हा आमचा पराक्रम लिहून ठेवते. आमचा म्हणजे माझा आणि समोरच्याचा.

समोरचा म्हणजे रस्त्याच्या पलीकडे हातगाडा लावतो तो. मूळचा घोटीकडचा. पूर्वी कंपनीत कंत्राटी कामगार होता, काम सुटल्यावर गाडा घेतला. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणते. म्हणजे ते एकोणीस दिवस सोडून. तेव्हा मी त्याला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी आमचं कसं चाललं होतं ते सांगते, नाहीतर आम्ही किती अक्कल पाजळली ते कळायचं नाही.

पालेभाजीचा लिलाव पंचवटीच्या मार्केटला संध्याकाळी होतो. मेथी तिथे शेकड्याने बोलतात. शेकडा म्हणजे शंभर जुड्या, आणि घ्यायचा तर अख्खा. अडत्या काही पन्नास जुड्या मोडून देत नाही. आता माझ्या कोपऱ्यावर दिवसाला मेथी खपते पंचेचाळीस-पन्नास जुड्या. समोरच्याचीही तेवढीच. म्हणून आम्ही दोघं मिळून एक शेकडा घ्यायचो आणि निम्मा निम्मा करायचो. हजाराला शेकडा पडला तर जुडी दहाला, विकायची पंधराला. मालाची रिक्षाही एकच. तीनशे भाडं, दीडशे त्याचे, दीडशे माझे. दहातली एखादी जुडी पिवळी पडते, ती घरी. बाकीची दहा-बारा भाज्यांची कमाई धरली तर घर चालायचं. माडी नाही बांधली कोणी, पण चालायचं.

आणि वाटणीचा एक नियम होता. एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. आज तो वाटे करणार, मी उचलणार. उद्या मी करणार, तो उचलणार. शेकड्यात सगळ्या जुड्या सारख्या नसतात हो. काही भरदार असतात, काही नुसत्या काड्या. पण आधी दुसरा उचलणार म्हटल्यावर वाटे करणारा आपोआप सरळ वागतो. सहा वर्षांत एकदाही भांडण नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बाईमाणसाने दिवसभर रस्त्यावर बसायचं म्हणजे सगळ्यात मोठा प्रश्न कुठला, ते बायकांना सांगायला नको. सार्वजनिक संडास तीन गल्ल्या पलीकडे. मी नुसतं "भाऊ, बघा जरा" म्हणायचे, की तो माझं दुकान बघायचा. दुपारी तो घरी जेवायला गेला की मी त्याचा गाडा बघायची. याचे कधी कोणी पैसे लावले नव्हते, म्हणून त्याची किंमतही कळली नव्हती.

तर त्या दिवशी घरी गॅस संपला. सिलिंडरच्या भानगडीत मला मार्केटला पोचायला उशीर झाला. त्या दिवशी वाटे तो करणार होता, उचलायचे मी. मी पोचते तर याने वाटे करून स्वतःचा उचलून रिक्षात टाकलेला! माझा वाटा खाली, आणि त्यात निम्म्या जुड्या वाळक्या.

"भाऊ, आधी उचलायचं कोणी?" मी विचारलं.

"रिक्षावाला बोंबलत होता वहिनी. सारखेच हायेत वाटे."

"सारखे आहेत तर तो माझा आणि हा तुमचा."

"आता बांधलं सगळं. एक दिवस चालतं की."

एक दिवस चालतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथे चारचौघांत त्याला चोर म्हटलं. आता वाटतं, एवढं नको होतं. तेव्हा मात्र मला अजून दोन शब्द सुचत होते, ते राहून गेले याचं वाईट वाटलं होतं. त्यालाही राग आला. म्हणाला, "उद्यापासून तुमचं तुम्ही घ्या, माझं मी." मी म्हटलं, "बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या गाड्यावर पाटी लागली. मेथी १२. सहा वर्षांत पाटी नव्हती. मी खडू आणला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, मेथी ११.

कॉलनीला तर सणच लागला. एरवी जी माणसं मान खाली घालून जायची ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही पाट्या वाचायला लागली. पाटील नाही, सरपंच नाही, पण निवडणूक रंगली. मी म्हटलं, बघू किती दिवस टिकतो.

आता आमची हुशारी ऐका. भांडण झाल्यामुळे शेकडा अर्धा अर्धा करायला जोडीदार नाही. शंभर जुड्या एकटीने घेतल्या तर पन्नास माझ्या उरावर उरणार. म्हणून मग मार्केटच्या बाहेर जे लोक शेकडा फोडून किरकोळीला विकतात, त्यांच्याकडून पन्नास घ्यायच्या. ते काय धर्मादाय काढून बसलेले नाहीत. तेरा रुपये जुडी. रिक्षा एकटीची, तीनशे पूर्ण. म्हणजे पूर्वी दहाला पडणारी जुडी आता मला तेराला पडत होती, भाडं वेगळं, आणि मी ती अकराला विकत होते. जुडीमागे दोन रुपये पदरचे घालून मी लोकांना मेथी खाऊ घालत होते, तेही ऐटीत.

मग बंद का नाही केलं, असं कोणीही विचारेल. कारण समोर तो विकत होताच की! मला वाटायचं, याला कुठून परवडतं? नक्की घोटीकडून थेट शेतकऱ्याकडून आणतो. शिवाय कंपनीचे पैसे मिळाले असतील, त्यावर उड्या मारतोय. त्याला वाटायचं, हिचा नवरा वॉचमन, महिन्याचा पगार येतो, हिचं काय जातंय. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याकडे कुठेतरी पुरलेलं धन आहे. दोघांकडेही नव्हतं.

त्यात ते डबे. पैसे मोबाईलवरून आले की मोठ्याने बोलतो तो डबा त्याच्याही गाड्यावर, माझ्याही भाजी मांडायच्या पाटावर. रस्ता किती, पंधरा पावलांचा. तिकडे डबा ओरडला, "दहा रुपये प्राप्त झाले," की माझे कान टवकारलेले. अरे, हा दहावर आला! मी लगेच पुठ्ठ्यावर दहा. इकडे माझा डबा बोलला की तिकडे त्याचं खडू-फडकं चालू. आणि गिऱ्हाइकं तर काय विचारता. एक शिक्षिकाबाई आहेत, निवृत्त. गोड आवाज, कपाळाला मोठी टिकली. त्या यायच्या आणि म्हणायच्या, "समोर नऊला देतोय हो, पण मला तुमच्याकडूनच घ्यायला आवडतं." झालं. मी विरघळले आणि नऊ केले.

आठव्या दिवशी भाव आठवर आला. वर कोथिंबीर फुकट, चार मिरच्या फुकट. मी मिरच्या दिल्या की तो आल्याचा तुकडा द्यायचा.

बरं, स्वस्त केलं म्हणून जास्त खपली का? पहिले तीन दिवस खपली. बायकांनी तीन-तीन जुड्या नेल्या, फ्रिजमध्ये कोंबल्या, आणि पुढचे तीन दिवस फिरकल्या नाहीत. माणूस आठ रुपये झाली म्हणून दोन्ही वेळा मेथी खातो का? माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं, त्याचं माझ्याकडे आलं, शेवटी डोकी तेवढीच. फक्त पैसे कमी.

आणि मग ते भांडवल. आमच्या धंद्यात भांडवल म्हणजे कमरेच्या पिशवीतली रोकड. माझी तीन हजार असायची. तिने संध्याकाळी माल घ्यायचा, दुसऱ्या दिवशी विकून ती परत तीन हजार करायची, वरचे घरात. ती पिशवी रोडावली तर उद्याचा माल कमी. माल कमी म्हणजे पाट भरत नाही, पाट भरला नाही की गिऱ्हाईक थांबत नाही. आणि एक दिवस पिशवी रिकामी झाली की तुम्ही घरी बसलात. आमच्या रस्त्यावर कोपरा आठ दिवस रिकामा दिसला की नवव्या दिवशी तिथे दुसरा कोणीतरी बसलेला असतो, आणि मग तुम्ही बावीस वर्षं सांगत बसा. मला रोज संध्याकाळी तेवढीच एक भीती होती, की माझा कोपरा जाणार. नवऱ्याच्या पगारात घरभाडं आणि त्याची औषधं निघतात, बस्स. कोपरा गेला की संपलं.

टोमॅटो बंद केले. मग फ्लॉवर. मग वांगी. बारा भाज्यांच्या जागी चार उरल्या. समोरही गाडा उघडा पडत चालला होता, आणि ते बघून मला काय वाटायचं सांगू? आनंद व्हायचा. माझा पाट रिकामा होतोय याचं दुःख त्याचा गाडा रिकामा होतोय याच्या आनंदात बुडून जायचं. देवा रे, किती मूर्ख असावं माणसाने!

एकच गिऱ्हाईक त्या दिवसांत पक्कं होतं. एक तरणीताठी बाई रोज सकाळी स्कूटीवर यायची. वीस जुड्या माझ्याकडून घ्यायची, न घासाघीस करता. म्हणायची, "घरी माणसं खूप आहेत मावशी." मला वाटलं, खानावळ असेल. मी तिला खुर्ची द्यायची बाकी ठेवली होती. ती मग समोर जाऊन त्याच्याकडूनही वीस घ्यायची, हे मला दिसायचं. पण मी म्हणायची, घेऊ दे, आधी माझ्याकडून घेते ना.

जुड्या बांधायचं एक सांगायचं राहिलं. मार्केटमधून येताना जुड्यांचे बंध सुटतात. त्या मी पुन्हा बांधते, जुन्या साडीच्या चिंध्यांनी. त्या दिवसांत माझी एक जांभळी साडी फाटली होती, तिच्या चिंध्या होत्या. समोरचा कंपनीतून आणलेल्या पिवळ्या वायरीने बांधतो. त्याच्याकडे ती अजून गुंडाळाभर आहे. कंपनीने त्याला पगार कमी दिला, वायर भरपूर दिली.

एकोणिसाव्या दिवशी मला राहवेना. सकाळी सातपासून दुपारचा एक वाजला होता, आणि मी कुठे गेले नव्हते. पूर्वी "भाऊ, बघा जरा" म्हणायची सोय होती. आता ज्याच्याशी बोलत नाही त्याला काय सांगणार? एकोणीस दिवस मी कोपऱ्यावर बसल्यावर पाणी पीत नव्हते. पोटात दुखायचं, लघवीला जळजळ सुरू झाली होती. तो तरी काय मजेत होता? घरी जेवायला जाता येत नव्हतं, गाड्याशी उभा राहून वडापाव खायचा, आणि त्याला साखरेचा आजार. आम्ही दोघं एकमेकांना मारायला निघालो होतो आणि बऱ्यापैकी जमतही होतं.

शेवटी पाटावर गोणपाट टाकलं आणि निघाले. आमच्या इकडच्या संडासाला कुलूप. पाणी नाही म्हणे. म्हणून पार पलीकडच्या कॉलनीत जावं लागलं. तिथून परत येताना रस्त्याला एक मोठी हातगाडी लागलेली, वर छत्री, खाली हिरवीगार मेथी मांडलेली. सवयीने नजर गेली. आणि पाय तिथेच थांबले.

जांभळी चिंधी.

माझी साडी! माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी घेतलेली साडी तिथे मेथीच्या कमरेला! आणि शेजारच्या ढिगातल्या जुड्यांना पिवळी वायर. एकोणीस दिवस आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं, पण आमच्या जुड्या इथे गळ्यात गळा घालून बसल्या होत्या. गल्ल्यावर तीच, स्कूटीवाली. मला बघून जरा गोरीमोरी झाली, पण धंदा तो धंदा.

"काय भाव?" मी विचारलं.

"अठरा, मावशी."

"अठरा?"

"या कॉलनीत दुसरं कोणी नाही ना मेथीवालं."

बघा! मार्केटला जायला नको, लिलाव नको, हमाली नको, संध्याकाळ घालवायला नको. आमच्या कोपऱ्यावर मार्केटपेक्षा स्वस्त मेथी मिळत होती. तिने चार-पाच गल्ल्यांचं पेट्रोल घातलं आणि जुडीमागे दहा रुपये कमावले. आम्ही दोघं तिचे गडी होतो, बिनपगारी, वर आपल्या खिशातून पैसे घालणारे. मी तिच्यावर ओरडणार होते. पण ओरडू काय? तिने काही चोरलं नव्हतं. मी आपल्या हाताने दिलं होतं, मिरच्यांसकट.

"दोन रुपये कमी कर," मी म्हटलं.

"नाही परवडत."

मी छत्तीस रुपये दिले आणि दोन जुड्या घेतल्या. एक जांभळी, एक पिवळी.

परत आले ती सरळ त्याच्या गाड्याशी गेले आणि दोन्ही जुड्या त्याच्यासमोर ठेवल्या. तो वडापाव खात होता. त्याने चिंधी बघितली, वायर बघितली.

"पलीकडच्या कॉलनीतून आणल्या," मी म्हटलं. "छत्तीस रुपये."

त्याने वडापाव खाली ठेवला. मग म्हणाला, "ती स्कूटीवाली?"

"ती."

"मला सांगितलं, घरात माणसं लय हायेत."

"मलाही."

मग मी विचारलं, दुसऱ्याच दिवशी दहावर का आलात? तो म्हणाला, "दहा? मी बारालाच होतो. तुम्ही दहाची पाटी लावली म्हणून उतरलो." आणि तो डबा? डबा मिरच्यांच्या दहा रुपयांसाठी ओरडला होता. आणि नऊ? नऊ तर त्याने कधी लावलेच नव्हते. शिक्षिकाबाईंनी त्याला सांगितलं होतं, वहिनी नऊला देतात, पण मला तुमच्याकडूनच घ्यायला आवडतं. त्याने थेट आठ केले. आमचा भाव आम्ही दोघांनी नव्हता पाडला, मिरच्यांनी आणि त्या टिकलीने पाडला होता. आम्ही फक्त खिसा पुरवला.

मी हसायला लागले. तो हसला नाही.

"वहिनी, गाडा विकला मी," तो म्हणाला. "परवा. हा भाड्याचा हाय. दिवसाला ऐंशी रुपये."

मी गाड्याकडे नीट बघितलं. खरंच, चाकं वेगळी होती, रंग वेगळा होता. परवापासून समोर परका गाडा उभा होता, आणि रोज त्याच्यावरची पाटी वाचताना मला ते दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. चोर म्हटलं होतं तेही आठवलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी जास्त बोलले." तो म्हणाला, "मी पण वाटा उचलायला नको होता. भारीच होता तो, खरं सांगतो." म्हणजे मेल्याला माहीत होतं!

त्या संध्याकाळी आम्ही एका रिक्षाने मार्केटला गेलो. माझ्या पिशवीत सहाशे होते, त्याच्याकडे पाचशे. लिलावात शेकडा नऊशेला गेला. एकट्याने कोणालाच झेपला नसता. दोघांनी मिळून घेतला. उरलेल्या दोनशेत रिक्षा काही बसेना, पण रिक्षावाला ओळखीचा, हो म्हणाला.

वाटे त्याने केले. जुडी जुडी हातात तोलून, इकडची तिकडे, तिकडची इकडे. रिक्षावाला बोंबलत होता, याने त्याच्याकडे बघितलंही नाही. मग पाठ फिरवून उभा राहिला. मी दोन्ही वाटे उलटेपालटे करून बघितले. काही म्हणजे काही फरक नव्हता. उगाच एक उचलला.

सकाळी दोन्हीकडे पंधरा लावले, तेव्हा कॉलनीत केवढी खळबळ माजली! दोघांनी संगनमत केलं म्हणे. लूट चालवलीय म्हणे. आठ रुपयांची मेथी हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क झाला होता. चार दिवस मेथी पडून राहिली, शेवटी बारावर आलो आणि बारावरच अडकलो. शेकडा वर चढला तरी वरचे तीन रुपये काही परत आले नाहीत. स्कूटीवाली आता स्वतः मार्केटला येते, शेकडा बोलते, आणि तिच्या कॉलनीत अजून अठराला विकते. आमच्या कॉलनीतले काही लोक तिकडून घेतात. तिची ताजी असते म्हणे.

त्याचा गाडा अजून भाड्याचाच आहे. रोज ऐंशी रुपये. माझ्या पाटावर आठ भाज्या झाल्यात, बारा नाहीत. पण कोपरा राहिला.

परवा शिक्षिकाबाई आल्या. मेथी हातात घेऊन, उलटसुलट करून, बाराचा आकडा वाचून म्हणाल्या, "हल्ली तुमचं समोरच्याशी पटतं वाटतं?"

"पटतं की."

"तेव्हाच बरं होतं हो," त्या हसून म्हणाल्या. "पुन्हा कधी भांडणार?"

मी त्यांच्या हातातली जुडी घेतली, परत ढिगावर ठेवली, आणि उठून उभी राहिले. "भाऊ," मी रस्त्यापलीकडे हाक मारली, "बघा जरा." आणि संडासाला निघून गेले. परत आले तर बाई गेल्या होत्या, आणि माझ्या तराजूच्या वजनाखाली बारा रुपये होते. त्याने त्यांना माझीच जुडी विकली होती.